आईची उंची घटली, वाव तशीच राहिली

प्रश्न: डॉक्टर, पाचवीतल्या मुलाला शाळेतून प्रकल्प आहे, हात पसरून मोजलेली लांबी उंचीएवढी असते का ते पाहायचं. घरातल्या सगळ्यांची मोजली. मुलगा १३६ आणि १३६. मी १५४ आणि १५६. मिस्टर १६८ आणि १७३. पण माझी आई (वय ६९, पारोळ्याजवळच्या खेड्यात राहते) उंची १४४ आणि हात १५३! दोनदा मोजलं, तेच आलं. माणसाचे हात म्हातारपणी वाढतात का? की हा काही आजार आहे? तिला थोडा दमही लागतो.

उत्तर:

ताई, हात वाढत नाहीत. तुमच्या आईचे हात चाळीस वर्षांपूर्वी होते तेवढेच आहेत, उंची कमी झाली आहे. म्हणून तुमच्या मुलाचा प्रकल्प मला फार मोलाचा वाटतो. मी धुळ्यात छातीच्या विकारांचा दवाखाना चालवतो आणि माझ्याकडे येणाऱ्या साठीपुढच्या जवळजवळ प्रत्येक बाईची वाव, म्हणजे पसरलेल्या हातांची लांबी, मोजतो. ती का, ते पुढे सांगतो. दम लागतो असं तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहून गेलात, पण त्या ओळीचा या नऊ सेंटिमीटरांशी संबंध असू शकतो.

आधी दोन्ही आकडे सारखे का येतात ते पाहू. दोन्ही हात फाकले की एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत जे अंतर भरतं, त्याला आपल्याकडे वाव म्हणतात. विहिरीचा दोर पूर्वी असाच वावेत मोजायचे. वावेत तीन तुकडे येतात: डावा हात, खांद्यांची रुंदी, उजवा हात. उंचीत पाय, मणक्यांचा खांब आणि डोकं. म्हणजे या दोन लांब्यांमध्ये एकही हाड सामाईक नाही. तरी त्या जुळतात, कारण ही सगळी हाडं एकाच हुकमावर वाढतात. हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेच्या पातळ चकत्या असतात आणि हाड तिथेच लांब होतं. वाढीचं संप्रेरक, थायरॉइड आणि वयात येतानाची संप्रेरकं रक्तातून सगळ्या चकत्यांना एकाच वेळी पोचतात. आईवडिलांकडून आलेला उंचपणा किंवा बुटकेपणाही हातापायांत सारखाच वाटला जातो. लांब पायांच्या माणसाचे हात लांब असतात ते म्हणून.

पण ही बरोबरी कायद्यासारखी पक्की नाही, वाढीच्या ओघात ती आपोआप जुळून येते. लहान मुलाचं धड मोठं आणि हातपाय आखूड असतात, म्हणून सातेक वर्षांपर्यंत वाव उंचीपेक्षा दोनतीन सेंटिमीटर कमी भरते. आठ ते बारा वर्षांच्या सुमारास दोन्ही सारखे होतात. तुमचा मुलगा नेमका या टप्प्यात आहे, त्यामुळे त्याचे १३६ आणि १३६ चोख आले. पुढे वयात येताना आधी हातपाय सुटतात, धड मागून येतं. मोठेपणी बाईची वाव उंचीपेक्षा एकदोन सेंटिमीटर जास्त आणि पुरुषाची त्याहून थोडी अधिक जास्त असते. पुरुषांचे खांदे रुंद असतात आणि त्यांच्या चकत्या उशिरा बंद होतात, ही त्याची कारणं. तुमच्या मिस्टरांचे पाच सेंटिमीटर यात बसतात, काळजी नको. प्रमाण समाजासमाजात बदलतं आणि एकाच घरातल्या दोघांतही तीनचार सेंटिमीटरांचा फरक निरोगीपणातच मोडतो.

तफावत वाढली की मी पहिला प्रश्न विचारतो तो असा: वाव वाढली की उंची घटली? वावेला उंचीने भागून आलेला आकडा दोन्ही वेळा सारखाच मोठा दिसतो. तुमच्या आईचा १५३ भागिले १४४ म्हणजे १.०६ येतो. मारफान सिंड्रोम नावाच्या जन्मजात विकारात शरीरातला जोडणारा धागाच कच्चा असतो. हातपाय आणि बोटं लांबलचक होतात, आणि हृदयातून निघणारी महाधमनी फुगू शकते. त्याच्या निदानाच्या निकषांत हा भागाकार १.०५ च्या वर असणं हे एक लक्षण धरलं आहे. तुमच्या आई ती रेषा ओलांडतात आणि तरीही त्यांना मारफान नाही असं मी इथे बसून जवळजवळ खात्रीने म्हणू शकतो. त्या निकषातच अट आहे की पाठीचा कणा फारसा वाकडा नसावा. कणा वाकला की भागाकार फसवतो.

वाव खरोखर वाढते ती तरुणपणी. मारफान हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे वयात येणं लांबणं. हाडांच्या चकत्या बंद करण्याचं काम मुलग्यांतही शेवटी इस्ट्रोजेन करतं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध केली. त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा हुकूमच ऐकू येत नव्हता. उंची २०४ सेंटिमीटर, वाव २१३ आणि वाढ अजून चालूच! असं उदाहरण क्वचितच सापडतं. पण सतराअठरा वर्षांच्या मुलाला मिसरूड नाही, आवाज फुटलेला नाही आणि वाव उंचीपेक्षा पाचसहा सेंटिमीटर जास्त आहे, असं दिसलं तर त्याला संप्रेरकांच्या तपासणीला पाठवायला हवं. नंदुरबारकडच्या भिल्ल-पावरा मुलांत हे दिसलं तर सोबत सिकलसेलची तपासणीही करावी, कारण त्या आजारात वयात येणं लांबतं आणि मणकेही दबतात. उलट बाजूने, हातपाय जन्मजात आखूड राहणाऱ्या बुटकेपणात वाव उंचीपेक्षा बरीच कमी भरते. या सगळ्यांची गोष्ट वेगळी आहे, तुमच्या आईची वेगळी.

साठीनंतर हातापायांच्या हाडांची लांबी ढळत नाही. ढळतो तो मणक्यांचा खांब. मानेपासून कमरेपर्यंत चोवीस मणके असतात आणि त्यांच्यामध्ये तेवीस गाद्या. या खांबाच्या लांबीचा पाचवा ते चौथा हिस्सा एकट्या गाद्यांचा असतो. गाद्या पाण्याने फुगलेल्या असतात, म्हणून सकाळी उठल्यावर आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. वयाबरोबर त्या कायमच्याच सुकतात आणि तेवढी उंची सगळ्यांचीच कमी होते. त्यापलीकडची घट बहुधा मणका दबल्याची असते. ठिसूळ हाडाचा मणका पुढच्या बाजूने चेपतो आणि पाचरीसारखा होतो. एका पाचरीत प्रत्यक्ष जाणारी लांबी सेंटिमीटरच्या आतच असते, पण दोनतीन पाचरी लागल्या की खांब कमान घेतो. वाकलेला बांबू उभ्यात कमी भरतो तसं होतं, आणि उंची हाडापेक्षा जास्त त्या बाकाने खाल्लेली असते.

मणका मोडला आणि कळलं नाही असं कसं होईल, हा प्रश्न मला नातेवाईक नेहमी विचारतात. बहुतेक वेळा तसंच होतं. कापसाचं गाठोडं उचललं, हंडा उतरवला, कंबरेत कळ आली, चार दिवस तेल चोळलं आणि पुन्हा कामाला लागली. दर तीन दबलेल्या मणक्यांपैकी साधारण दोन कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

आता त्या दमाकडे येतो. साक्री तालुक्यातल्या एक आजी, वय ६८, मुलीसोबत माझ्याकडे आल्या. तक्रार त्यांनी अहिराणीत एका वाक्यात सांगितली, "माले दम लागस, दुसरं काही नई." पंचेचाळीस वर्षं चुलीपुढे गेलेली, जळण म्हणजे पऱ्हाटी, तुराट्या आणि गोवऱ्या. घरात गॅस आला तरी बाजरीच्या भाकरी अजून चुलीवरच. विडी-तंबाखू कधीच नाही. दम वाढला की गावाजवळच्या एका दवाखान्यातून पांढऱ्या बारीक गोळ्या मिळायच्या, त्याने दोन दिवसांत बरं वाटायचं. पाकीट पाहिलं तर प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड. गेल्या दोन वर्षांत त्या किती वेळा झाल्या याचा हिशोब कुणाकडेच नव्हता.

फुंकण्याची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, त्यांनी आधी दुसरीकडे केलेली होती. जोरात फुंकून बाहेर आलेली एकूण हवा १.८५ लिटर, त्यातली पहिल्या सेकंदातली १.२० लिटर. १.२० भागिले १.८५ म्हणजे ६५ टक्के. ७० च्या खाली म्हणजे श्वासाच्या नळ्या अरुंद झाल्या आहेत, सीओपीडी नावाचा जुनाट आजार. हा भाग बरोबर होता, कारण या भागाकारात उंचीचा जवळजवळ संबंध येत नाही. पण आजार किती वाढलाय हे ठरवताना मशीन विचारतं की या वयाच्या, या उंचीच्या बाईने पहिल्या सेकंदात किती हवा फुंकायला हवी होती? तिथे उंची भरली होती १४१. मशीनने अपेक्षा काढली १.४५ लिटर. १.२० म्हणजे अपेक्षेच्या ८३ टक्के. ८० च्या वर, म्हणून अहवालावर 'सौम्य' छापून आलं होतं. सौम्य आजाराची बाई ओट्यावर चढताना थांबते का? मला ते पटलं नाही.

फुप्फुसाचा आकार ठरतो तो तरुणपणीच्या बांध्यावर. पाठ वाकली म्हणून 'किती असायला हवं होतं' हे माप लहान होत नाही. मशीनला हे कळत नाही, ते भरलेल्या उंचीवर हिशोब करतं, आणि तो हिशोब उंचीच्या वर्गापेक्षाही थोडा जास्त वेगाने बदलतो. उंची सहा टक्क्यांनी कमी भरली की अपेक्षा बारातेरा टक्क्यांनी खाली येते. पाठ जितकी वाकेल तितका अहवाल चांगला येत जातो.

आजींची वाव मोजली, १५२. आता तरुणपणीची उंची किती धरायची? वावेला कशाने भागायचं यावर एकमत नाही. बाई की पुरुष, कोणता समाज, यावरून १ ते १.०६ पर्यंतचे आकडे वापरतात. जुनी नोंद नसेल तेव्हा मी सरळ घरातल्या जवळच्या माणसाला मोजतो. मुलगी बाजूलाच होती, वय ४१, पाठ सरळ. तिची उंची १५३, वाव १५५, भागाकार १.०१३. तोच आईला लावला तर १५२ भागिले १.०१३ म्हणजे १५०. मशीनमध्ये १५० भरल्यावर अपेक्षा झाली १.६५ लिटर आणि तेच १.२० आता ७३ टक्के ठरले. सौम्याचं मध्यम झालं.

हा अंदाज आहे हे मी विसरत नाही. मुलगी आईची हुबेहूब प्रत नसते. म्हणून चार सेंटिमीटर इकडेतिकडे धरून पाहिलं. १४६ धरले तर ७७ टक्के येतात, १५४ धरले तर ६९. दोन्ही टोकांना आकडा ८० च्या खालीच राहतो, म्हणून निष्कर्षावर विश्वास ठेवला. एखाद्याच्या बाबतीत ८० ची रेषा या दोन टोकांच्या मधोमध आली तर मी श्रेणी ठरवत नाही. दम किती आणि गेल्या वर्षात किती वेळा बिघडलं, यावर उपचार ठरवतो.

नऊ सेंटिमीटर गेले कुठे याचं उत्तर बाजूने काढलेल्या एक्सरेत मिळालं. छातीचे दोन मणके आणि कंबरेचा पहिला, अशा तीन पाचरी. मणक्याची पुढची उंची मागच्यापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त कमी असेल तर तो दबलेला धरतात, इथे तिन्ही स्पष्ट होते. मग साखळी जुळली. चुलीच्या धुराने नळ्या अरुंद झाल्या, दमासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या झाल्या, त्या गोळ्यांनी आधीच विरळ झालेलं हाड आणखी पोखरलं, मणके दबले, उंची घटली. आणि घटलेल्या उंचीमुळे मूळ आजार कागदावर सौम्य दिसू लागला, त्यामुळे नीट इनहेलर सुरूच झाला नाही आणि गोळ्या चालूच राहिल्या. हे मला त्या दिवशी फार लागलं, आजही लागतं.

त्यांना इनहेलर सुरू केला, औषध नीट आत जावं म्हणून लावायच्या स्पेसर नावाच्या नळीसकट. गोळ्या बंद करायच्या होत्या, पण एकदम नाही. बरेच आठवडे स्टिरॉइड चाललेलं असेल तर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, म्हणून गोळ्या हळूहळू उतरवाव्या लागतात. तुमच्या आई अशा गोळ्या घेत असतील तर हे वाचून स्वतःहून थांबवू नका. हाडांसाठी आधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरून काढलं, मूत्रपिंडाची तपासणी केली आणि मग अस्थिरोगतज्ज्ञांनी वर्षातून एकदा द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन दिलं. गेलेली उंची त्याने परत येत नाही. पुढचा मणका दबण्याची शक्यता मात्र कमी होते.

तुमच्या आईचे आकडे याच रीतीने पाहू. तुमचा भागाकार १५६ भागिले १५४, म्हणजे १.०१३. आईची वाव १५३, तेव्हा तरुणपणीची उंची साधारण १५१. आज १४४. सातेक सेंटिमीटर गेले आहेत, तीनचार इकडेतिकडे धरून. चार सेंटिमीटरपेक्षा जास्त उंची घटली असेल तर मणक्यांचा एक्सरे काढावा असा सर्वसाधारण नियम आहे, आणि त्या त्यात येतात.

त्याआधी मोजणी पक्की करा. शिंप्याची कापडी फीत ताणली जाते, लोखंडी टेप घ्या. भिंतीच्या कोपऱ्यात आईच्या एका हाताचं मधलं बोट टेकवा, पाठ भिंतीला, हात खांद्याच्या रेषेत, तळवे पुढे. दुसऱ्या बोटाच्या टोकाशी पेन्सिलने खूण करा आणि कोपऱ्यापासून मोजा. नख धरू नका. हात जरा खाली झुकला तरी दोनतीन सेंटिमीटर जातात, म्हणून एकाने हात धरावा, दुसऱ्याने खूण करावी. खांदा आखडला असेल किंवा कोपर पुरता सरळ होत नसेल तर चांगल्या हाताची अर्धी वाव घ्या, गळ्याखालच्या खोबणीच्या मध्यापासून बोटाच्या टोकापर्यंत, आणि दुप्पट करा. पाठ वाकलेल्या माणसाचे खांदे पुढे येतात, त्यामुळे वाव खरीपेक्षा थोडी कमीच भरते. म्हणजे चूक झालीच तर ती घट लपवण्याच्या बाजूने होते. उंची सकाळी मोजा.

अजून दोन गोष्टी घरी पाहता येतील. आईंना टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभं करा आणि समोर बघायला सांगा. डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकत नसेल तर छातीच्या भागातले मणके दबल्याची शंका घ्यावी. मग बाजूने, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये तुमची बोटं आडवी ठेवून पाहा. दोन बोटांइतकीही जागा नसेल तर कमरेचे मणके संशयित आहेत. आणि विचारा, फडताळातल्या वरच्या फळीवरचा डबा पूर्वी हाताला लागायचा तो आता लागतो का, लुगडं पूर्वीपेक्षा जास्त खोचावं लागतं का. बायका हे बरोबर सांगतात, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

प्रत्येक वाकलेली पाठ ठिसूळ हाडांची नसते, हे लक्षात ठेवा. कमान सगळीकडून गोल न होता एकाच जागी टोकदार उंचवटा आला असेल, बारीक ताप असेल, वजन उतरत असेल किंवा रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षय किंवा गाठ आधी वगळावी लागते. साक्रीच्या आजींचंही आम्ही रक्त आणि प्रथिनांची तपासणी करूनच पुढे गेलो. पायांत बधिरपणा, चालताना तोल जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काही असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दमासाठी जिथे स्पायरोमेट्री कराल तिथे तंत्रज्ञाला उंची मोजू द्या, आणि सांगा की वाव १५३ आहे, मुलीची मापं १५४ आणि १५६ आहेत, उंचीच्या रकान्यात १५१ भरून दुसरा अहवालही काढा. दोन्ही कागद सोबत आणा. कोणती उंची वापरली हे कागदावर हाताने लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी पुन्हा १४४ भरेल आणि आजार बदलल्यासारखा दिसेल.